स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये पासवर्ड आणि बँकेची विंडो येऊ नये म्हणून चौकट कशी आखायची?

हिशेबनीस

आमच्या सोसायटीचा मी तीन वर्षं खजिनदार. आता सूत्रं दुसऱ्याकडे द्यायची आहेत, म्हणून दर महिन्याच्या कामाचे व्हिडिओ करून ठेवतोय. एक्सेलमध्ये देखभाल शुल्काची नोंद, सोसायटीच्या पोर्टलवर पावती काढणं, थकबाकीची यादी वगैरे. पहिला व्हिडिओ अकरा मिनिटांचा झाला. अख्खी स्क्रीन रेकॉर्ड केली आणि कमिटीच्या ग्रुपवर टाकला. पाऊण तासाने सेक्रेटरीबाईंचा फोन. "अहो, सातव्या मिनिटाला तुमची बँक दिसतेय."

झालं असं की एका सभासदाने भरलेली रक्कम जुळत नव्हती, ती बघायला मी नेटबँकिंग उघडून ठेवलं होतं. Alt+Tab मारताना दोन सेकंद ते पुढे आलं. ग्राहक क्रमांक, शिल्लक, शेवटचे पाच व्यवहार, सगळं वाचता येतंय. व्हिडिओ ग्रुपवरून काढला, पण तोवर चार जणांनी उतरवून घेतला होता.

विंडोज ११, एकच स्क्रीन, १९२०×१०८०, रेकॉर्डिंग ओबीएसवर. भाच्याने सांगितलं की पूर्ण स्क्रीन न घेता ठरावीक चौकटच रेकॉर्ड कर, बँक चौकटीबाहेर ठेव. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात आकडे काय घालायचे, आणि चौकटीबाहेर ठेवलेली वस्तू खरंच बाहेर राहते का?

सदूभाऊ

इतकं डोकं कशाला शिणवताय? बँका आपोआप काळ्या दिसतात रेकॉर्डिंगमध्ये. मी स्वतः करून बघितलंय, बँकेचं अ‍ॅप उघडलं की रेकॉर्डिंगमध्ये नुसता अंधार. पासवर्डच्या जागीही ठिपकेच येतात.

हिशेबनीस

सदूभाऊ, माझी काळी दिसली असती तर हा धागा काढलाच नसता की हो.

यंत्रणा

सदूभाऊंनी बघितलं ते खरं आहे, पण ते फोनवरचं. अँड्रॉइडवर अ‍ॅप बनवणारा आपल्या पडद्यावर `FLAG_SECURE` नावाची खूण लावू शकतो, मग तो पडदा स्क्रीनशॉटमध्ये आणि रेकॉर्डिंगमध्ये काळा येतो. बँकांची अ‍ॅप्स ती सर्रास लावतात. संगणकावरच्या ब्राउझरमध्ये उघडलेलं नेटबँकिंग मात्र साधं वेबपान असतं. रेकॉर्डरला त्यात आणि क्रिकेटच्या धावफलकात काही फरक कळत नाही.

विंडोजवरही एखादा प्रोग्रॅम स्वतःला लपवू शकतो. कीपासएक्ससी २.७ पासून तसं करतो, रेकॉर्डिंगमध्ये त्याची विंडो येतच नाही. पण हे ज्याने त्याने आपापल्या प्रोग्रॅमसाठी ठरवायचं असतं. त्याच्या भरवशावर आपण राहू नये.

ठिपक्यांचं म्हणाल तर त्यावरून पासवर्ड किती अक्षरी आहे ते कळतंच, आणि एकदा डोळ्याच्या चिन्हावर बोट गेलं की तेवढंही झाकण राहत नाही.

मी कंपनीत नव्या माणसांसाठी असे व्हिडिओ करतो, चौकट पद्धतच वापरतो. जेवून येऊन आकडे देतो.

शेवंती

बरं झालं विषय काढलात. माझ्या सासूबाईंना असाच फोन आला होता, "केवायसी अडकलंय, हे अ‍ॅप टाका, मी तुमची स्क्रीन बघून मदत करतो." त्या अगदी ओटीपी येईपर्यंत पोचल्या होत्या, मी हातातून फोन ओढला. अशा वेळी ही चौकट लावली तर समोरच्याला बँक दिसणार नाही का?

यंत्रणा

शेवंतीताई, तो प्रकार वेगळा. तिथे समोरचा माणूस स्वतःच तुमची स्क्रीन घेत असतो, कितपत बघायचं हे त्याचं अ‍ॅप ठरवतं. इथली चौकट आपण आपल्या फाइलपुरती आखतोय. तुम्ही फोन ओढलात तेच बरोबर.

आता हिशेबनीसांचे आकडे. तुमची स्क्रीन १९२० रुंद, १०८० उंच. आपल्याला १२८०×७२० चा तुकडा हवा. तो डावीकडे चिकटवा, पण वरून १३० पिक्सेल सोडून. त्या १३० मध्ये ब्राउझरचे टॅब आणि पत्त्याची पट्टी जाते, म्हणजे इतर टॅबची नावं रेकॉर्ड होत नाहीत. बुकमार्कांची पट्टी लावलेली असेल तर काढून टाका, नाहीतर १३० पुरणार नाहीत. उजवीकडे ६४० रुंदीचा उभा पट्टा उरतो, तो बँकेसाठी. खाली २३० उरतात, त्यात टास्कबार जातो. विंडोजच्या सूचना उजव्या खालच्या कोपऱ्यात उगवतात, त्याही आपोआप बाहेर पडतात. चौकट डावीकडे घेण्याचं मुख्य कारण तेच.

ओबीएसमध्ये आधी Settings मधल्या Video मध्ये Base आणि Output दोन्ही १२८०×७२० करा. मग `Display Capture` घाला, त्यावर उजवी टिचकी, Filters, आणि `Crop/Pad` फिल्टर लावा. Left ०, Top १३०, Right ६४०, Bottom २३०. बेरीज तपासा, १९२० वजा ६४० म्हणजे १२८०, आणि १०८० वजा १३० वजा २३० म्हणजे ७२०. उरलेला तुकडा कॅनव्हासवर अचूक बसला पाहिजे. कुठे काळी कड दिसली तर आकडा चुकलाय.

कोपरखळी

एवढं गणित कशाला? Alt दाबून कड ओढली की ओबीएसमध्ये क्रॉप होतं. मी रोज तसंच करतो.

यंत्रणा

होतं, पण ते क्रॉप त्या सीनमधल्या त्या एका प्रतीला चिकटलेलं असतं. तोच स्क्रीनचा स्रोत दुसऱ्या सीनमध्ये घेतलात की तिथे स्क्रीन पुन्हा पूर्ण उघडी. फिल्टर स्रोतालाच लागतो, तो जिथे जाईल तिथे बरोबर जातो.

दुसरं कारण मी भोगलंय. ओबीएसमध्ये Ctrl+R म्हणजे Reset Transform. ब्राउझरमध्ये Ctrl+R म्हणजे पान ताजं करणं. एकदा मला वाटलं मी ब्राउझरमध्ये आहे, पण शेवटची टिचकी ओबीएसवर पडलेली होती आणि स्रोत निवडलेला होता. Alt ने केलेलं क्रॉप एका फटक्यात पुसलं गेलं. नशीब इतकंच की कॅनव्हास लहान होता, त्यामुळे वरची टॅबची पट्टी तेवढी आत आली आणि उजवा पट्टा बाहेरच राहिला. म्हणून म्हणतो, फिल्टरही लावा, कॅनव्हासही लहान ठेवा, आणि स्रोतापुढच्या कुलपाच्या चिन्हावर टिचकी मारून ठेवा.

कोपरखळी

हे Ctrl+R माहीत नव्हतं. पण मग `Window Capture` का नाही? फक्त एक्सेलची विंडो पकडायची, बाकी स्क्रीनवर काही का नाचेना.

यंत्रणा

एकाच प्रोग्रॅमचं काम असेल तर जरूर तेच करा. यांना एक्सेल आणि ब्राउझर दोन्ही दाखवायचे आहेत, आणि घोळ ब्राउझरमध्ये आहे. विंडो पकडली म्हणजे त्यातला जो टॅब पुढे येईल तो रेकॉर्ड होणार. शिवाय त्याच्या सेटिंगमध्ये `Window Match Priority` असतं. मुळातली निवड अशी आहे की त्या शीर्षकाची विंडो सापडली नाही तर त्याच जातीची दुसरी शोधायची. तुम्ही सोसायटीच्या पोर्टलची विंडो बंद केली आणि शेजारी क्रोमच्याच दुसऱ्या विंडोत बँक उघडी असेल, तर ओबीएस इमानदारीने तीच उचलून दाखवेल. चौकट निदान जागा सोडून हलत नाही.

हिशेबनीस

यंत्रणा, तुम्ही दिलेले आकडे घालून रात्री तालीम केली. चौकट बसली, काळी कड नाही. बँक उजव्या पट्ट्यात ठेवली, क्रोम तेवढा अरुंद होतो जेमतेम. आनंदात वीस मिनिटं रेकॉर्ड केलं आणि मग शांतपणे बघितलं. तीन गोष्टी आत आल्याच.

पहिली, सवयीने Alt+Tab. विंडोज सगळ्या विंडोंची छोटी चित्रं स्क्रीनच्या मधोमध मांडतं, त्यात बँकेचंही चित्र. दुसरी, पत्त्याच्या पट्टीत `n` टाइप केलं. पट्टी चौकटीबाहेर आहे, पण तिच्या सूचनांची यादी खाली लोंबते ती थेट आत. त्यात पहिलीच ओळ नेटबँकिंगची. तिसरी सगळ्यात वाईट. बँकेच्या पानावर खातेउतारा मागितला, तर तो उजव्या पट्ट्यात न उघडता नवीन विंडोत उघडला, आणि ती विंडो पडली बरोब्बर चौकटीच्या मधोमध. म्हणजे बँक बाहेर ठेवली तरी तिची पिल्लं आत.

यंत्रणा

तालीम केलीत हे फार चांगलं केलंत. चौकट म्हणजे स्क्रीनवरची एक जागा. त्या जागेवर जे येईल ते रेकॉर्ड होणार, मग ते कुठल्या विंडोचं का असेना.

Alt+Tab ला हातच लावायचा नाही. टास्कबारवर माउस नेला तरी जी छोटी चित्रं उठतात ती तुमच्या २३० च्या वर डोकावू शकतात, आणि त्या चित्रावर माउस थांबला तर अख्खी विंडो क्षणभर समोर उघडते. दोन्ही विंडो शेजारीशेजारी मांडून ठेवा आणि हवी त्या विंडोच्या अंगावर सरळ टिचकी मारा.

पत्त्याच्या सूचनांसाठी क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल काढा, ज्याच्या इतिहासात सोसायटीच्या पोर्टलशिवाय काही नाही. त्या प्रोफाइलमध्ये पासवर्ड साठवण्याची सोय बंद करा. नाहीतर "पासवर्ड जतन करू का?" हा फुगा पट्टीच्या उजव्या टोकाखाली लोंबतो, आणि त्यात वापरकर्त्याचं नाव स्पष्ट असतं. बँक तुमच्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये उघडा.

नव्या विंडोला जागा सांगता येत नाही, ती कुठे पडेल हे ती साइट आणि ब्राउझर ठरवतात. म्हणून उतारा वगैरे जे लागेल ते रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी काढून पट्ट्यात मांडा. रेकॉर्डिंग चालू असताना बँकेत फक्त वाचायचं, काही उघडायचं नाही.

आणि एक, Win+V. पासवर्ड कॉपी करून चिकटवण्याची सवय असेल तर त्या यादीत तो उघडाबोडका दिसतो, आणि यादी उगवते ती तुम्ही टाइप करत असता तिथेच.

टर्मिनलवाला

ओबीएस नको असणाऱ्यांसाठी, हेच काम ffmpeg एका ओळीत करतं. विंडोजवर वरच्याच आकड्यांनी:

```
ffmpeg -f gdigrab -framerate 15 -offset_x 0 -offset_y 130 -video_size 1280x720 -show_region 1 -i desktop -c:v libx264 -pix_fmt yuv420p talim.mkv
```

मला यात आवडतं ते `-show_region 1`. रेकॉर्ड होणाऱ्या भागाभोवती स्क्रीनवर रेघ उमटते, त्यामुळे काय आत आणि काय बाहेर हे काम करताना डोळ्यांना दिसत राहतं. ओबीएसमध्ये अशी रेघ नाही, तिथे प्रीव्ह्यूकडे लक्ष ठेवावं लागतं. रुंदी आणि उंची सम आकड्यात ठेवा, १२८१ घातलंत तर वरच्या ओळीतला एन्कोडर `width not divisible by 2` म्हणून अडून बसतो. दुसरी स्क्रीन मुख्य स्क्रीनच्या डावीकडे असेल तर `offset_x` ऋण घालावा लागतो.

चौकटीचे कोपरे मोजायला मी PrtSc दाबून चित्र पेंटमध्ये चिकटवतो. खालच्या पट्टीत माउसचे आकडे दिसतात तेच घ्यायचे. विंडोजमध्ये अक्षरं १२५ टक्के केलेली असतात तेव्हा ब्राउझर स्वतःच्या विंडोचे आकडे त्या हिशेबाने लहान सांगतो. १२८० ऐवजी १०२४ म्हणतो, आणि मग चौकट चुकते.

हिशेबनीस

अच्छा! माझं १२५ टक्केच आहे. तरीच भाच्याने सांगितलेले आकडे काही केल्या बसत नव्हते.

सदूभाऊ

एवढ्या उपद्व्यापापेक्षा पूर्ण रेकॉर्ड करून नंतर एडिटरमध्ये कापलं तर?

टर्मिनलवाला

कापलेला व्हिडिओ ठीक असेल, पण मूळ फाइल डिस्कवर राहतेच, आणि पुष्कळांचा तो फोल्डर क्लाउडवर आपोआप चढत असतो. चौकटीने घेतलं तर बँक असलेली फाइल जन्मालाच येत नाही.

कापण्यावरून आठवलं. २०२३ मध्ये विंडोजच्या स्निपिंग टूलमध्ये आणि पिक्सेल फोनच्या मार्कअपमध्ये एक दोष उघड झाला होता. क्रॉप करून त्याच फाइलवर जतन केलेल्या स्क्रीनशॉटमध्ये कापलेल्या भागाचा डेटा मागे शिल्लक राहायचा, आणि त्यातून चित्राचा काही भाग परत काढता यायचा. दुरुस्ती झाली, आणि तो प्रकार चित्रांचा होता, व्हिडिओचा नाही. पण तेव्हापासून "नंतर कापू" यावरचा माझा विश्वास उडाला.

हिशेबनीस

आता खरी अडचण. सोसायटीच्या पोर्टलवर लॉगिन कसं करायचं हे नव्या खजिनदारांना दाखवायचंच आहे. तिथे पासवर्डची जागा पानाच्या मध्यभागी आहे, चौकटीच्या पोटात. ती कशी वगळू?

यंत्रणा

चौकटीने नाही वगळता येत. चौकटीला भोक पाडता येत नाही.

दोन मार्ग आहेत. ओबीएसमध्ये `Color Source` घेऊन त्या जागेवर रंगाची पट्टी ठेवता येते. पण पान जरा सरकलं की पट्टी जागच्या जागी आणि पासवर्डची जागा तिच्याखालून बाहेर. लॉगिनचं पान सरकत नसेल तरच हे करा.

मी दुसरा मार्ग घेतो. एक वेगळा सीन, त्यात नुसती पाटी, "लॉगिन चालू आहे". रिकामं लॉगिन पान दाखवायचं, कुठे काय भरायचं ते बोलायचं, मग हॉटकीने पाटीवर जायचं, पासवर्ड भरायचा, आतलं पान उघडलं की परत यायचं. यात एक खाच आहे. ओबीएसमध्ये सीन बदलताना मुळात Fade असतो, ३०० मिलिसेकंदांचा. तेवढा वेळ जुना सीन विरघळत असतो, आणि तो चालू असतो, गोठलेला नसतो. हॉटकी दाबून लगेच टाइप केलंत तर पहिलं अक्षर आत येऊ शकतं. Fade काढून Cut करा. परत येतानाही पान पूर्ण बदललेलं बघूनच या.

आजोबा_सत्तरी

मी भजनांच्या चालींचे व्हिडिओ करतो, त्यात बँक कुठून येणार, म्हणून नुसता वाचत होतो. पण माझा अनुभव सांगतो. वर्गाची फी भरायची ती भरली, स्क्रीनवर काही दिसू दिलं नाही. फोन सौ.कडे होता. तिने स्वयंपाकघरातून ओटीपी ठणठणीत आवाजात वाचून दाखवला, दोनदा. सगळा रेकॉर्ड झाला. ओटीपी शिळा झाला होता म्हणून बरं. ही चौकट आवाजाला लागत नाही ना?

यंत्रणा

हाहा, नाही आजोबा. ओबीएसच्या मिक्सरमध्ये Mic पुढे स्पीकरचं चिन्ह आहे, तेवढा वेळ ते बंद करा. नाहीतर पाटीवाल्या सीनबरोबर माइक बंद होईल अशी त्याची हॉटकी लावून घ्या.

कोपरखळी

माझी भर. ऑफिसात दोन स्क्रीन आहेत, मी बँक, मेल, सगळं दुसऱ्या स्क्रीनवर ठेवून निर्धास्त असायचो. एकदा रेकॉर्डिंग चालू असताना कोणाचा तरी पाय केबलला लागला, दुसरी स्क्रीन गेली, आणि तिच्यावरच्या सगळ्या विंडो उड्या मारत पहिल्या स्क्रीनवर आल्या. त्यात पगाराची चिठ्ठी होती.

हिशेबनीस

अरे देवा.

आज दुसरी तालीम केली. वेगळं प्रोफाइल, पाटीचा सीन, Cut, उतारा आधीच पट्ट्यात. बघताना काही खटकलं नाही. पण मागच्या वेळीही पहिल्यांदा बघताना काही खटकलं नव्हतं. वीस मिनिटांचा व्हिडिओ डोळ्यांत तेल घालून किती वेळा बघणार?

टर्मिनलवाला

बघू नका, पसरून ठेवा. ही आज्ञा दर सेकंदाला एक चित्र काढते आणि एका पानावर तीस चित्रं मांडते:

```
ffmpeg -i talim.mkv -vf "fps=1,scale=320:-1,tile=6x5" pan_%03d.png
```

तुमची वीस मिनिटं म्हणजे १२०० चित्रं, म्हणजे ४० पानं. एकसारख्या एक्सेलच्या चित्रांमध्ये वेगळ्या रंगाचा ठिपका लगेच डोळ्यात भरतो. Alt+Tab सारखं अर्ध्या सेकंदाचं प्रकरण दोन चित्रांच्या मधून निसटू शकतं, म्हणून शंका असेल तिथे `fps=4` करा. पानं चौपट होतील, पण संशयाच्या दोनतीन मिनिटांपुरतंच करायचं.

हिशेबनीस

केलं. चाळीस पानं चाळायला सहा मिनिटं लागली. तेविसाव्या पानावर एक चित्र सापडलं. उजव्या कडेला, चौकटीच्या आत एक बारीक निळी रेघ. बँकेची विंडो चारपाच पिक्सेल आत सरकली होती. मजकूर काही नाही, नुसती कड. म्हणून पट्ट्यातली विंडो आता कडेपासून जरा लांब ठेवायचं म्हटलं, तर क्रोम तेवढा अरुंद व्हायला तयार नाही. Right ६४० ऐवजी ६८० करून चौकटच १२४० ची केली, कॅनव्हासही तेवढाच.

यंत्रणा

छान. १२४० सम आहे, चालेल.

शेवंती

मॅकवर याला काय करायचं? माझ्याकडे तोच आहे.

टर्मिनलवाला

Cmd+Shift+5 दाबा, ठरावीक भाग रेकॉर्ड करायचा पर्याय तिथेच आहे, चौकट माउसने ओढायची. मॅकवर सूचना वरच्या उजव्या कोपऱ्यात येतात, त्यामुळे चौकट त्या कोपऱ्यापासून दूर घ्या.

सदूभाऊ

आणि लिनक्सवर? वेलँडवर माझं x11grab नुसती काळी स्क्रीन देतंय. घ्या, इथे तरी सगळं आपोआप काळं येतं. 😄

टर्मिनलवाला

वेलँडवर x11grab चा उपयोग नाही. स्वे किंवा तत्सम काही असेल तर `wf-recorder -g "$(slurp)"`, चौकट माउसने ओढता येते. नोम असेल तर हे चालणार नाही, तिथे मी ओबीएसमध्ये पूर्ण स्क्रीन घेऊन वर यंत्रणांनी सांगितलेला फिल्टरच लावतो. नोमवर थेट चौकट देणारं, मला पटेल असं काही कोणी वापरत असेल तर इथे लिहा.